मदत हवी आहे: आईबाबांसोबत मोबाईलवर कॅरम/लुडो, आणि आईला न पडणारा सहा

कराडची_लेक

नमस्कार मंडळी. मी श्टुटगार्टला, भाऊ पुण्यात, आईबाबा कराडला. दर रविवारी आमच्या दुपारी दोनला (तिकडे थंडीत साडेसहा वाजतात) आम्ही मोबाईलवर एकत्र खेळतो. नुसत्या व्हिडिओ कॉलवर "जेवलात का" झालं की बोलणं संपायचं. खेळ सुरू झाला की तासभर कोणी फोन ठेवत नाही, म्हणून हे मोडू द्यायचं नाहीये.

अडचणी दोन. बाबा एकेकाळी कॉलनीतले कॅरमपटू, पण मोबाईलवर त्यांचा स्ट्रायकर सरळ जातच नाही. चिडून फोन ठेवतात. दुसरी गंमत लुडोची. आईला सहाच पडत नाही. मागच्या रविवारी दहा पाळ्या चारही सोंगट्या घरात. तिचं ठाम मत, "हे यंत्र माझ्यावर खार खाऊन आहे." बाबांना जमेल असा कॅरम सुचवा, आणि फासा खरंच कोणी ठरवून टाकतं का तेही सांगा.

पाटावरचा_कोंबडा

मोबाईल कशाला? सरळ चांगला कॅरमबोर्ड घ्या. बोरिक पावडर टाका, खेळा. आमच्याकडे अजून रोज रात्री डाव असतो.

कराडची_लेक

काका, बोर्ड घरी आहेच. बोर्ड कराडला आणि मी जर्मनीत, हाच तर प्रश्न आहे :)

निवांत_नाना

फासा सेट केलेला असतो. माझा स्वतःचा अनुभव. नवीन माणसाला पहिल्या दोन दिवसांत भराभर सहा देतात, मग बंद. आणि तुमचं नेट स्लो असेल तरी सहा पडत नाही.

सोंगटी_सव्वीस

नाना, अर्धं पटतं, अर्धं नाही. कुठल्या अ‍ॅपच्या आत काय चालतं ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे "सेट नसतोच" असं मीही छातीठोक म्हणणार नाही. पण नेटचा आणि आकड्याचा संबंध नाही. नेट अडकलं तर पाळी हुकते, सहाचा पाच होत नाही.

आईंच्या दहा पाळ्यांबद्दल. सहा न पडण्याची शक्यता प्रत्येक वेळी सहात पाच. ती लागोपाठ दहा वेळा गुणली की साधारण 16 टक्के येतात. म्हणजे एका माणसाच्या बाबतीत सहा-सात डावांत एकदा असं होणार. आता तुम्ही चौघं खेळता. चौघांपैकी *कोणीतरी एक* पहिल्या दहा पाळ्या घरात अडकून बसण्याची शक्यता जवळपास 50 टक्के निघते. दर दुसऱ्या रविवारी कोणीतरी रडणारच. तुमच्याकडे ते आई असतात, किंवा बाकीचे अडकले तर कोणाच्या लक्षात राहत नाही.

लहानपणी पाटावर हे एवढं का खुपायचं नाही? कारण तेव्हा फासा हातात असायचा. "कलंडला, परत टाक", "चटईवर पडला, धरायचा नाही" असं म्हणून आपण दाण बदलून घ्यायचो. मोबाईल ऐकत नाही.

एक करा. पुढच्या डावाला कोणीतरी कागद घेऊन बसा आणि प्रत्येकाच्या नावापुढे किती दाण टाकले, किती सहा आले एवढंच लिहा.

आता कॅरम. बाबांचा दोष नाही. खऱ्या बोर्डाची खेळायची जागा 74 सेंटिमीटर, सोंगटी तीन सेंटिमीटरच्या आसपास. मोबाईल उभा धरला तर पडद्याची रुंदी सातेक सेंटिमीटर. सगळं दहापट लहान झालं, सोंगटी तीन मिलिमीटरची. बोट त्यापेक्षा मोठं, त्यामुळे नेम धरताना स्ट्रायकरच बोटाखाली झाकला जातो. शिवाय बाबांची सगळी कला नखाच्या टिचकीत आणि मनगटात. इथे टिचकी नाही, मागे ओढून सोडायचं. चाळीस वर्षांची सवय उलटी करायला सांगतोय आपण. टॅब दिलात तर सोंगटी दुप्पट होईल आणि बोट स्ट्रायकरपासून लांब ठेवून ओढता येईल. तेवढ्याने राग निम्मा उतरतो.

लुडोला नेम लागत नाही, टिचकी लागत नाही. सोंगटीला बोट लावलं की ती आपली चालते. आठ वर्षांची नात आणि सत्तरीची आजी एकाच पातळीवर येतात. चौघांच्या रविवारसाठी म्हणून मी तोच ठेवीन. कॅरम बाबा आणि भाऊ दोघांनीच, वेगळ्या वेळी.

आज्जीबाईंचा_मोबाईल

माझा किस्सा सांगते. सासऱ्यांना लुडो लावून दिला, दोन आठवड्यांनी बघते तर ते अनोळखी लोकांशी खेळत होते आणि पडद्यावर पैसे लावून खेळायची जाहिरात! 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आलाय, तरी सावध असलेलं बरं. आता आम्ही फक्त खोली उघडून कोड घरच्या ग्रुपवर टाकतो. बाहेरचा माणूस येतच नाही. प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्डही लावलाय.

कराडची_लेक

कोड आम्हीही वापरतो. Play with Friends मधून मी खोली उघडते, बाकीचे कोड टाकून येतात. पण डावाच्या मध्ये बाबांना गॅसवाल्याचा फोन आला की खेळ मागे जातो, आणि परत येईपर्यंत कॉम्प्युटरने त्यांची पाळी खेळून टाकलेली असते. तीही वेड्यासारखी. मारायची सोंगटी सोडून भलतीच चालवतो.

सोंगटी_सव्वीस

ते होणारच, पाळीला घड्याळ लावलेलं असतं. बोलणं आणि खेळ एकाच फोनवर ठेवू नका. बाबांच्या फोनवरून ऑडिओ कॉल, स्पीकर चालू, फोन टेबलावर. बाबांचा खेळ टॅबवर, आईंचा त्यांच्या फोनवर. व्हिडिओ ठेवलात तर त्याची चौकट नेमकी बोर्डाच्या कोपऱ्यावर बसते.

आईबाबा एकाच घरात आहेत ना? मग रविवार सोडून दोघांनी दोन फोन कशाला घ्यायचे? एका फोनवर आळीपाळीने खेळायचं Pass N Play त्यांना एरवी विरंगुळ्याला चांगलं. नेट बंद ठेवूनही चालतं.

निवांत_नाना

मी तरी म्हणतो फासा सेट असतो.

कराडची_लेक (पुढच्या रविवारी)

अहवाल. बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रेघा मारल्या. एकूण दाण 186, त्यात सहा 29. सहाने भागलं तर 31 यायला हवे होते, म्हणजे फार फरक नाही. आईचे 41 दाण, त्यात सहा आठ. भागाकाराने तिला सातच मिळायला हवे होते! पण पहिला सहा आला नवव्या पाळीला, आणि शेवटचे तीन आले तेव्हा बाहेर काढायला सोंगटीच उरली नव्हती.

मी तिला हिशोब वाचून दाखवला. ती म्हणाली, "एका डावावरून काय कळतंय? आणि आठ दिले तर दिले, वेळेवर का नाही दिले?" पहिल्या मुद्द्यात ती बरोबर आहे, एवढ्यावरून फासा सरळ आहे असं सिद्ध होत नाही. पुढचे चार रविवार रेघा मारायच्या ठरल्यात.

टॅबवर बाबांनी राणी घेतली, कव्हर मात्र चुकलं, राणी परत बोर्डावर. तरी फोन ठेवला नाही. आता त्यांचं नवं मागणं: चौघांनी जोड्या करून, प्रत्येकाने आपापल्या गावातून खेळायचा कॅरम. कोणी खेळतं का असा?

पाटावरचा_कोंबडा

जोडीत खेळायचं तर समोरासमोर बसायला हवं हो. दिवाळीत या.