सोयाबीन भिजलं: बँकेला द्यायच्या अर्जात नवं-जुनं मागू की पुनर्गठन?

चार एकरवाला (डिसेंबर २०२४)
ऑक्टोबरात सोयाबीन कापून शेतात पसरलं होतं, वरून पाऊस झाला, शेंगांना कोंब फुटले. पीक कर्ज १,२०,००० आहे, मुदत ३१ मार्च. विमा एक रुपयात भरलेला, नुकसानीची तक्रार दुसऱ्या दिवशीच ॲपवर दिली, पण पैसे आलेले नाहीत. बँकेला असा अर्ज लिहिलाय: "मा. शाखाधिकारी साहेब, अवकाळी पावसाने माझे पीक पूर्ण गेले आहे. तरी विम्याची रक्कम मिळावी व कर्जाचे नूतनीकरण करून द्यावे ही विनंती." देऊ का असाच?

माजी शाखाधिकारी
असाच नका देऊ. विमा मंजूर करणं शाखेच्या हातात नसतं. त्या ओळीवर "विमा कंपनीशी संपर्क साधावा" असा शेरा पडेल आणि खालची कर्जाची मागणीही त्याच कागदाबरोबर फाईलला जाईल. दोन अर्ज करा. विम्याचा कंपनीला, तक्रार क्रमांक आणि विम्याची पावती जोडून. त्याची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या.

बँकेच्या अर्जात नूतनीकरण मागू नका. नूतनीकरण म्हणजेच नवं-जुनं: आधी जुनं सगळं भरायचं, मग नवं उचलायचं. पीक गेलेला माणूस १,२०,००० आणणार कुठून? पुनर्गठन मागा, म्हणजे जुनी बाकी हप्त्यांत पाडून मुदत वाढवून मिळते. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीच्या निर्देशांत ते बसतं. ३३ ते ५० टक्क्यांना कमाल दोन वर्षं, ५० च्या वर कमाल पाच वर्षं, पहिलं वर्ष हप्ता नाही. आणि पुढच्या हंगामाला ताजं पीक कर्जही मिळतं. पाऊस झाला त्या तारखेला खातं थकीत नव्हतं, हे अर्जात ठळक लिहा. आधीच थकलेलं खातं यात धरत नाहीत.

नवंजुनंवाला
साहेब, कागदावर छान आहे. पाच वर्षं मिळाली तर पहिलं वर्ष सोडून चार हप्ते, म्हणजे दरसाल ३०,००० मुद्दल आणि वर व्याज. शिवाय नवीन १,२०,००० दरवर्षी मुदतीत भरायचे. चार एकरात हे निघतं का? सलग दोन वर्षं पाऊस नडला की दोन्ही खाती थकीत. आमच्याकडे सगळे मार्चमध्ये चार दिवसांसाठी पैसे फिरवतात, भरतात, परत उचलतात. मुदतीत भरलं की तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज पडतं. पुनर्गठनात ती सवलत जाते.

माजी शाखाधिकारी
सवलतीचं तुमचं बरोबर आहे, जुन्या रकमेवर पुढे नेहमीचं व्याज लागतं. पण चार दिवसांचे पैसे फुकट मिळतात का? सावकार चार दिवसांचेही महिन्याचे घेतो. नवं कर्ज वेळेत सुटलं नाही तर त्याचं मीटर चालूच. मी असे लोक काउंटरपलीकडे रडताना पाहिलेत.

नवंजुनंवाला
आणि मी पुनर्गठन घेऊन पुढच्या जूनला "वरून आदेश नाही" म्हणून नव्या कर्जाविना बसलेले पाहिलेत.

बांधावरची
तलाठी-कृषी सहायकांचा पंचनामा झालाय ना? मग विमा मिळणारच, काळजी कशाला?

माजी शाखाधिकारी
ताई, तो पंचनामा शासनाच्या अनुदानाचा. विम्याला कंपनीकडे ७२ तासांत गेलेली तक्रारच लागते, आणि कापून पसरलेल्या पिकाला कापणीपासून १४ दिवसच संरक्षण. पंचनाम्याची प्रत मात्र पुनर्गठनाच्या अर्जाला जोडा, तिथे ती कामाची आहे.

कांदावाला
माझा कांदा चाळीत भिजला. कंपनी म्हणते साठवलेला माल बसत नाही. यावर काय करायचं?

चार एकरवाला
दादा, वेगळं विचारा ना. साहेब, विम्याचे पैसे आले की बँक कर्जात वळते करून घेईल का, याची भीती वाटते.

माजी शाखाधिकारी
पुनर्गठन आणि नवं कर्ज दिलं असेल तर आलेला विमा जुन्या खात्यात जमा करता येतो, हे खरं आहे. पण तेवढे तुमचे हप्ते कमी होतात. आणि विमा येईपर्यंत बँकेने थांबून राहावं असं नाही. दावा मिळण्याची वाजवी खात्री असेल तर वाट न पाहता निर्णय घ्यावा असं निर्देशांतच आहे. तक्रारीची पोच त्यासाठी अर्जाला लावा. अर्जाची आवक क्रमांक घातलेली प्रत घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.

फक्त एक. हे एकट्या शाखाधिकाऱ्याच्या सहीने होत नाही. आपत्ती जाहीर व्हावी लागते, जिल्हास्तरीय बैठकीत ठरावं लागतं. गावाच्या पिकाची अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आत आली का ते तहसीलला पाहा.

नवंजुनंवाला
आणि ५२ आली तर?

माजी शाखाधिकारी
तर तुमचा रस्ता उरतो, हे मलाही आवडत नाही.

नवीन वाचक (जुलै २०२५)
धागा आत्ता वाचणाऱ्यांसाठी: खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झालाय, सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्के भरावे लागतात. कापणीनंतरच्या नुकसानीचं ते संरक्षणही काढलंय. आता भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. ७२ तासांची धावपळ करून आता उपयोग नाही, पुनर्गठनाचा अर्ज तेवढा वेळेत द्या.