अनुभव धागा: गप्प ग्रुपला काय विचारलं की उत्तरं येतात?

पानखूण
आमच्या गावच्या वाचनालयाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ८६ जणांचा. पुस्तकखरेदीच्या आधी मी विचारलं, "यंदा कोणती पुस्तकं घ्यावीत? कृपया सुचवावे." मेसेजची माहिती उघडून पाहिली तर ७१ जणांनी वाचलं होतं. उत्तरादाखल आले दोन नमस्कार, एक अंगठा आणि एका काकांचं सुप्रभात.

मग पोल टाकला. कथा, कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, इतर. नऊ मतं पडली, त्यातली पाच 'इतर'ला. आता 'इतर' कुठल्या दुकानात मिळतं?

तिसऱ्या वेळी विचारलं, "तुम्ही अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? साधारण कितव्या पानावर सोडलंत?" आधी माझंच लिहिलं, पान ४०. रात्रीपर्यंत १९ उत्तरं! कधीही न बोलणाऱ्या एका काकूंनी लिहिलं, "पुस्तक चांगलं होतं, अक्षर फार बारीक." त्याखाली आणखी तिघांनी तेच लिहिलं. आम्ही विषय शोधत बसलो होतो आणि लोकांची अडचण टाइपाच्या आकाराची होती. तुमचे अनुभव सांगा. फसलेले आधी.

दंडोबा
रात्री नऊला टाका, उत्तरं येतातच. जेवणं झालेली असतात, हातात फोन असतो. मी नेहमी नऊलाच टाकतो.

धारवाला
नऊला आमच्याकडे अर्धं गाव झोपलेलं असतं, पहाटे धार काढायची असते. आमचा दूध घालणाऱ्यांचा ग्रुप ५४ जणांचा, मी संकलन केंद्रावर बसतो. आमची वेळ सकाळी आठ ते साडेआठ, कॅन रिकामे करून लोक चहाला बसतात तेव्हा.

वेळेपेक्षा प्रश्नानं जास्त फरक पडला. "जनावरांच्या काही समस्या असतील तर सांगा" असं मी दोन वर्षं विचारत होतो आणि एकानंही सांगितलं नाही. समस्या सांगायची म्हणजे आपल्या गोठ्याची लाज चारचौघांत काढायची. मग एका उन्हाळ्यात विचारलं, "आज सकाळी फॅट किती लागली? फक्त आकडा टाका." २३ आकडे आले. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, धरून निघतो, त्यामुळे आपला आकडा प्रत्येकाला पाठ असतो. विचार करावा लागत नाही, चूक ठरायची भीती नाही.

आकडे बघून कळलं की ओढ्याकडच्या वस्तीची फॅट ३.१, ३.२ अशी खाली आहे. तेव्हा दुसरा प्रश्न, "काल संध्याकाळी वैरण काय टाकली?" ओढ्याकडचे सगळे नुसता हिरवा लुसलुशीत चारा टाकत होते, कडबा संपला होता. सुकी वैरण पोटात गेली नाही की फॅट उतरते, हे त्यांनाही माहीत आहे. पण "फॅट का कमी आली" असं विचारलं असतं तर सगळ्यांनी उन्हाला नाव ठेवलं असतं. ऊनही होतंच म्हणा.

पानखूण
म्हणजे 'का' विचारायचं नाही, 'काल काय केलं' विचारायचं?

धारवाला
'का' विचारलं की माणूस वकील होतो.

मुक्ता_ठाणे
यापेक्षा पोल बरा नाही का? पोलमध्ये नाव कळत नाही, त्यामुळे लाजरे लोक बिनधास्त मत देतात.

खानेसुमारी
मुक्ताताई, टेलिग्रामच्या पोलबद्दल हे बरोबर आहे, तिथे पोल मुळात निनावीच असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये मात्र कोणी कशाला मत दिलं हे सगळ्यांना नावानिशी दिसतं. इन्स्टाच्या स्टोरीत ते फक्त स्टोरी टाकणाऱ्याला दिसतं. आमच्या सोसायटीत "मेंटेनन्स वेळेवर भरणं जड जातं का?" असा पोल एकानं टाकला होता. 'हो'ला शून्य मतं. थकबाकीदार किती होते ते मी सांगत नाही, मी तेव्हा खजिनदार होतो.

मी पूर्वी घरोघरी फिरून सर्वेक्षणं केलेली आहेत, त्यामुळे पोल करताना तीन गोष्टी बघतो. पहिली, व्हॉट्सअ‍ॅपवर एकाहून जास्त उत्तरं निवडायची सोय आपोआप चालू असते. ती बंद केली नाही तर एकच माणूस चार ठिकाणी टिचकी मारतो आणि तुम्ही चार माणसं मोजता. मतं कोणाची आहेत ते उघडून बघा, तीच तीन नावं सगळीकडे दिसली की समजा. दुसरी, मत देण्याआधीच तिथे आकडे दिसतात. पहिली चार मतं एका बाजूला पडली की पुढचे मागोमाग जातात. टेलिग्रामवर निकाल बघायला आधी मत द्यावं लागतं, तिथे हे कमी होतं. तिसरी, 'इतर'ऐवजी 'अजून ठरलं नाही' ठेवा. ज्याला नुसती हजेरी लावायची आहे तो तिथे जातो आणि बाकीची मतं खरी राहतात.

पानखूणताई, तुमची 'इतर'वाली पाच माणसं नावानिशी दिसत होती ना? त्यांना एकेकट्याला विचारलंत का?

पानखूण
नाही हो. सुचलंच नाही.

खानेसुमारी
माझी निम्मी उत्तरं तिथूनच येतात. "तुम्ही इतर निवडलंत, मनात कोणतं पुस्तक होतं?" एवढंच विचारायचं. ग्रुपात गप्प असणारा माणूस खासगीत पानभर लिहितो.

अण्णा_६२
आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतही मतदान फार कमी झाले. लोकांना काही पडलेले नाही. उमेदवारही तेच तेच.

मुक्ता_ठाणे
अण्णा, इथे व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलबद्दल चाललंय :) पण 'पर्याय तेच तेच' हे इथेही लागू आहे.

बर्फातली_भाकरी
जर्मनीत आमच्या छोट्या गावात ३१ मराठी घरं आहेत. गणपतीच्या जेवणाला कोण काय आणणार हे विचारलं की स्मशानशांतता, कारण उत्तर दिलं की काम अंगावर पडतं. एका वर्षी काम न मागता विचारलं, "तुमच्या घरी मोदकांची उकड फाटते का?" सतरा घरांची रडगाणी आली. इथल्या दुकानातलं तांदळाचं पीठ, त्याचं पाणी, सगळं निघालं. त्या उत्तरांतूनच मोदक कोणाला जमतात ते कळलं आणि त्या तिघींना मी थेट फोन केला. एकीला मात्र हे आवडलं नाही. "गोड बोलून पकडलंस" म्हणाली. तिचं चुकलं असं मला अजून म्हणता येत नाही.

दंडोबा
पानखूणताईंनी स्वतःचं उत्तर आधी लिहिलं, ते मला पटत नाही. मी एकदा "आवडती भाजी" विचारून आधी 'भरली वांगी' लिहिलं, तर खाली वांगीच वांगी.

धारवाला
मी तरी माझा आकडा आधी टाकतो, तोही कमी आलेल्या दिवसाचा. मी ३.२ लिहिलं की ३.१ वाल्याला तोंड उघडता येतं.

खानेसुमारी
आवड विचारताना दंडोबा बरोबर. कमीपणा वाटेल असं काही विचारताना धारवाला बरोबर. पण पानखूणताईंचा प्रश्न दोन्हींच्या मधला आहे, तिथे मलाही नक्की सांगता येणार नाही.

पानखूण
आज त्या पाच 'इतर'वाल्यांना मेसेज केले. तिघांची उत्तरं आली. दोघांना पाककृतींची पुस्तकं हवी आहेत, पण ग्रुपात सांगायला संकोच वाटला. तिसरे म्हणतात, बोट चुकून लागलं होतं.