हॅमर टेस्टमध्ये २८ आणि कोअरमध्ये १३ : कोणता आकडा धरावा?

सोसायटी_सचिव : आमची चार मजली इमारत १९८४ची असून मूळ नकाशावर काँक्रीट एम १५, म्हणजे १५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचे, असे लिहिले आहे. तपासणीत तळमजल्याच्या कॉलमवर ठोके देणाऱ्या रिबाउंड हॅमरने सरासरी २८ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकद दाखवली. मात्र त्याच कॉलममधून कापून काढलेल्या काँक्रीटच्या तीन दंडगोल तुकड्यांची, म्हणजे कोअरची, सरासरी १३ आली. दुरुस्तीचा अंदाज कोणत्या आकड्यावर बांधावा, याबाबत जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

मिस्त्री७२ : गिलावा पूर्ण काढून पृष्ठभाग दगडाने घासला आणि एका जागी निदान सहा ठोके घेतले, तर हॅमर पुरेसा असतो. कोअर काढून कॉलमला भोक पाडणे मला पटत नाही.

निवृत्त_अभियंता : घासण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण येथे तो अपुरा पडतो. हॅमर ताकद मोजत नाही, फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा बाहेरचा थर अधिक कठीण होतो. एम १५च्या कॉलमवर २८ हा आकडा दिसताच मला शंका आली असती. असा थर किती खोल आहे हे रंगावरून दाखवणारे फिनॉलफ्थॅलिन कोअर काढल्याबरोबर त्यावर शिंपडले होते का?

सोसायटी_सचिव : होय. बाहेरचा सुमारे ३५ मिमी भाग रंगलाच नाही, पुढचा गडद गुलाबी झाला.

निवृत्त_अभियंता : मग उत्तर तेथेच आहे : न रंगलेला भाग म्हणजेच तो कठीण झालेला थर, आणि ३५ मिमीचा थर घासून निघत नाही. आता कोअरचे गणित पाहू. १०० मिमी व्यास, १५० मिमी लांबी आणि ८६.४ किलोन्यूटनला तुटला असे धरले, तर ताकद ११ येते. लांबी व्यासाच्या दुपटीहून कमी असल्याने ०.९४५ने गुणून १०.४, आणि घनाच्या ताकदीत आणण्यासाठी १.२५ने गुणून १३. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६प्रमाणे, कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के, म्हणजे १२.७५ हवी, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली, म्हणजे ११.२५च्या खाली नको. त्यामुळे सरासरी जेमतेम पास होते. तिन्ही आकडे वेगवेगळे पाहा आणि अहवालात १.२५ने गुणले आहे की नाही, हेही तपासा. काही लॅब ते सोडून देतात.

अंगणवाली : आमच्या बंगल्याचा स्लॅब गळतो. गळती हॅमरने समजेल का?

निवृत्त_अभियंता : नाही, ताई. शिवाय स्लॅबच्या खालून वर मारलेल्या ठोक्याचे रीडिंग आडव्या ठोक्याहून वेगळे येते, त्याला वेगळी दुरुस्ती लावावी लागते.

मिस्त्री७२ : पण एका कोअरमध्ये सळईचा तुकडा आला असेल तर?

सोसायटी_सचिव : एकात आला आहे, बोटभर लांब आणि गंजलेला. त्याच कोअरचा आकडा ११.४ आहे.

निवृत्त_अभियंता : मग तो आकडा मी जसाच्या तसा धरणार नाही. सळई शोधण्याचे यंत्र आधी फिरवून दुसऱ्या जागी नवा कोअर घ्यावा आणि दोन्ही भोके न आकसणाऱ्या ग्राउटने भरावीत. बाकी कॉलमवर हॅमर चालेल, पण केवळ तुलनेसाठी : कोणता कॉलम इतरांहून मऊ वाटतो एवढेच त्यातून ठरवा. आणखी किती कोअर लागतील, हे ती रीडिंग पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

सोसायटी_सचिव : चोवीस कॉलमची यादी उद्या टाकतो.