चार ओळींचा मेल उद्धट वाटतो का? थकलेल्या बिलावरून घरात वाद

कुपवाडचा वर्कशॉपवाला
कुपवाड एमआयडीसीत माझं दोन सीएनसी मशीनचं वर्कशॉप आहे. पुण्याच्या एका कंपनीला पितळी बुश देतो. 3 जूनच्या 217 नंबरच्या बिलाचे, 500 बुशचे 1,18,000 रुपये अजून आलेले नाहीत. माल 4 जूनलाच त्यांच्या स्टोअरला पोचला. तीन मेल केले, एकालाही उत्तर नाही. मेल इंग्रजीत जातो, इथे मराठीत टाकतो. विषय होता "पेमेंटबाबत". मजकूर असा:

"आदरणीय महोदय, गेली सहा वर्षे आपण आम्हास दिलेल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. आमचे बिल बऱ्याच दिवसांपासून प्रलंबित आहे. तसेच मागील लॉटमधील 40 रिजेक्ट पीस अद्याप परत मिळालेले नाहीत. नवीन ऑर्डरचे ड्रॉइंगही मिळावे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती."

मुलगा म्हणतो, एवढं कोणी वाचत नाही, चार ओळी लिहा आणि एकच गोष्ट मागा. मला वाटतं, सहा वर्षांच्या पार्टीला असं तुटक लिहिणं बरं दिसत नाही. तुमचं मत सांगा.

गणपती पेठेतला हळदवाला
मी तुमच्या बाजूचा. आमच्याकडे राजापुरी हळदीचा सौदा तोंडी होतो आणि पैसे शब्दावर येतात. आधी विचारपूस, मग काम. चार ओळींचा मेल आला की मला वसुलीची नोटीस आल्यासारखं वाटतं. मेल सोडा, फोन करा. सहा वर्षांचा संबंध असेल तर माणूस फोनवर नाही म्हणत नाही.

विश्रामबागची अकाउंट्सवाली
मी पुण्यात एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये बारा वर्षं सप्लायरची बिलं पाहायचं काम केलं. तुमचा मेल ज्या टेबलावर पडतो तिथे मी बसलेली आहे, म्हणून तिथलं सांगते.

दादा, तुमच्या मेलमध्ये बिल नंबरच नाही. माझ्याकडे शेकडो सप्लायर असायचे. "आमचे बिल" म्हटल्यावर मला आधी तुमचं खातं उघडून, कोणतं बिल असेल याचा अंदाज करावा लागणार. तेवढ्यात दुसरा मेल येतो, त्यात नंबर असतो, तो मी आधी उरकते. तुमचा मेल "नंतर बघू" मध्ये जातो आणि तिथून वर येत नाही.

दुसरं, तुम्ही मागितलेल्या तीन गोष्टी तीन माणसांच्या आहेत. पैसे अकाउंट्सकडे, रिजेक्ट पीस स्टोअर आणि क्वालिटीकडे, ड्रॉइंग परचेसकडे. तिघांनाही मेल गेला असेल, तर उत्तर दुसरा देईल असं प्रत्येकानं धरलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. "योग्य ती कार्यवाही" करणं त्या क्लार्कच्या हातात नसतं. पेमेंट ती सोडत नाही. पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, स्टोअरची माल-पावती म्हणजे जीआरएन, आणि तुमचं बिल, हे तिन्ही जुळले की बिल सिस्टीमवर चढतं आणि ठरलेल्या दिवशीच्या पेमेंटमध्ये धरलं जातं. ती तुम्हाला फक्त तारीख सांगू शकते. म्हणून तारीखच मागा. मी असा लिहिला असता:

विषय: बिल 217, रु. 1,18,000, पेमेंटची तारीख कळवावी

"नमस्कार मॅडम,
बिल क्र. 217, दि. 3 जून, 500 पितळी बुश. माल 4 जूनला तुमच्या स्टोअरला पोचला. सही-शिक्क्याचं चलन आणि पीओची प्रत जोडली आहे.
हे बिल कोणत्या तारखेच्या पेमेंटमध्ये धरलं आहे, ते शुक्रवार 8 ऑगस्टपर्यंत कळवावं.
आपला,"
खाली नाव, फर्म, मोबाइल.

बिल नंबर विषयात पहिलाच घ्या. मोबाइलवर विषयाचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, आणि महिन्यानं कोणी शोधायला बसलं तर ते नंबर टाकूनच शोधतं. "पेमेंटबाबत" शोधलं तर निम्मं इनबॉक्स समोर येतं.

मिरजेचा परचेसवाला
ताईंचं टेबल अकाउंट्सचं, माझं परचेसचं, त्यामुळे माझं थोडं वेगळं मत आहे. एका सप्लायरचे सकाळपासून तीन मेल आले की माझं डोकं फिरतं. तिन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये 1, 2, 3 अशा लिहून पाठवल्या तर मी एका बैठकीत उरकतो. एका मेलला एकच मागणी हा नियम मोठ्या ऑफिसांत चालतो. आमच्यासारख्या तीस माणसांच्या कारखान्यात परचेसही मीच बघतो आणि स्टोअरही मीच.

विश्रामबागची अकाउंट्सवाली
एकाच माणसाकडे तिन्ही कामं असतील तर तुमचं पटतं. मी तीन मेल तीन वेगळ्या माणसांना पाठवायचे म्हणतेय, एकालाच तीन नव्हे. पण यादीच्या मेलला एक रोग असतो, तो मी रोज पाहिलाय. यादीतलं सोपं असतं त्याचं उत्तर लगेच जातं. "ड्रॉइंग सोबत जोडलं आहे" एवढं लिहिलं की त्या माणसाच्या लेखी मेल संपला. अवघड होतं ते पैशाचं, ते तिथेच राहतं, आणि उत्तर आलेलं दिसत असल्यामुळे सप्लायरलाही पुन्हा विचारायला अवघड जातं.

मिरजेचा परचेसवाला
हे मात्र खरं. मी स्वतः असं केलेलं आहे.

इस्लामपूरचा फॅब्रिकेटर
इतकं गोड कशाला बोलायचं? 45 दिवसांचा कायदा आहे. विषयातच लिहा, "एमएसएमई कायद्यानुसार अंतिम सूचना". दुसऱ्या दिवशी पैसे येतात. उशीर झाला की व्याजही लागतं.

विश्रामबागची अकाउंट्सवाली
कायदा आहे, 2006 चा. पण 45 दिवस ही लेखी करार असेल तेव्हाची कमाल मर्यादा आहे. लेखी काही ठरलं नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. उशिरावर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, तेही बरोबर. शिवाय आता सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत घेणाऱ्या कंपनीला तो खर्च आयकरात धरता येत नाही, म्हणून मार्चजवळ अकाउंट्सवाले या बिलांकडे स्वतःहून बघतात. त्यासाठी बिलावर उद्यम नंबर छापलेला हवा, तो आजच बघून घ्या.

पण विषयात "अंतिम सूचना" आली की तो मेल क्लार्क साहेबांकडे ढकलते आणि साहेब वकिलाकडे. मग तुम्हाला साधी तारीख सांगायलाही कोणी धजत नाही. ते हत्यार शेवटचं. बिल का अडकलंय हेच माहीत नसताना काढू नये.

वालचंदची विद्यार्थिनी
माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथेच विचारते. मी इंटर्नशिपसाठी वीसेक कंपन्यांना मेल केले. विषय "जॉब अॅप्लिकेशन", खाली लिहिलं की माझ्या शिक्षणाला योग्य असं काही असल्यास कळवावं. एकाचंही उत्तर आलं नाही. यात बिल नंबरच्या जागी मी काय लिहू?

मिरजेचा परचेसवाला
तू त्यांनाच शोधायला लावलंस, बाळ. "योग्य असं काही" म्हणजे काय, हे त्या माणसानं ठरवायचं? विषयात लिही, "मेकॅनिकल, तिसरं वर्ष, डिसेंबरमध्ये 4 आठवडे इंटर्नशिप". आत एकच विचार, की क्वालिटी विभागात जागा आहे का. हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. आमच्याकडे असे मेल येतात तेव्हा "नाही" तरी लिहिलं जातं.

गणपती पेठेतला हळदवाला
सगळं वाचलं. तरी एक सांगा, त्या सहा वर्षांचे आभार कुठे गेले? माणुसकीची एक ओळसुद्धा नको?

विश्रामबागची अकाउंट्सवाली
काका, एक ओळ असू द्या, पण शेवटी. वर आभार, मध्ये तक्रार आणि तळाला विनंती असं लिहिलं की वाचणाऱ्याला काम शोधावं लागतं. आणि खरं सांगते, नंबर, तारीख आणि चलन सगळं जोडून पाठवणारा सप्लायर मला उद्धट कधीच वाटला नाही. त्यानं माझा अर्धा तास वाचवलेला असायचा. फोन जरूर करा, पण मेल गेल्यावर करा. "217 चा मेल आत्ता टाकलाय" एवढं फोनवर म्हटलं की ती समोर उघडून बघते. नुसत्या फोनवर दिलेली तारीख मात्र ती विसरली की तुमच्या हातात काही उरत नाही.

कुपवाडचा वर्कशॉपवाला
पटतंय. पण हा मेल नवा टाकू की जुन्या तीन मेलवरच रिप्लाय करू? जुन्यावर केला तर तीनदा विचारल्याचं खाली दिसेल.

इस्लामपूरचा फॅब्रिकेटर
जुन्यावरच करा. उद्या वाद झाला तर पुरावा.

विश्रामबागची अकाउंट्सवाली
मी नवा टाकला असता. जुन्यावर रिप्लाय केला तर विषय "पेमेंटबाबत" च राहणार, आणि जीमेलमध्ये विषय बदललात तर ती साखळी तुटून वेगळं संभाषण होतं. पुरावा तुमच्या सेंटमध्ये आहेच. यापुढची आठवण मात्र या नव्या मेलवरच रिप्लाय करून द्या, विषयाला हात न लावता.

मिरजेचा परचेसवाला
मी इस्लामपूरकरांच्या बाजूचा. खाली तीन जुने मेल दिसले की मला स्वतःलाच लाज वाटते आणि मी काम करतो.

कुपवाडचा वर्कशॉपवाला (पाच दिवसांनी)
नवाच टाकला, ताईंनी लिहिला तसाच. शेवटी काकांसाठी आभाराची एक ओळ. फोनही केला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. बिल 500 पीसचं, पण स्टोअरनं जीआरएन 460 चाच केलाय. जे 40 पीस मी मागच्या लॉटमधले समजत होतो, ते याच लॉटमधले निघाले. आकडे जुळत नाहीत म्हणून बिल जूनपासून होल्डवर. 40 पीसची क्रेडिट नोट दिली की बाकीची रक्कम 20 तारखेच्या पेमेंटमध्ये धरतो, असं मॅडमनी लिहिलंय. 200 रुपयांनी 40 पीसचे 8,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,440 कमी. उरले 1,08,560. दोन महिने मी नुसता "प्रलंबित, प्रलंबित" लिहीत होतो.

मिरजेचा परचेसवाला
म्हणजे रिजेक्ट पीस आणि पैसे हे एकच काम होतं! तुमच्या पहिल्या मेलमध्ये दोन्ही एकत्र होते ते चूक नव्हतं मग.

विश्रामबागची अकाउंट्सवाली
इथे तुमचं म्हणणं मी मान्य करते. दोन्ही एकमेकांत अडकलेत हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता, आणि मी तर ते वेगळे करायला सांगत होते. तारीख मागितल्यामुळे तिला होल्डचं कारण लिहावं लागलं, एवढंच माझ्या बाजूनं. क्रेडिट नोट बिल 217 च्याच मेलवर रिप्लाय करून पाठवा, म्हणजे तिला पुन्हा शोधायला नको.

कुपवाडचा वर्कशॉपवाला
ती पाठवली. आता पीस आणायचेत. स्टोअरला आत्ताच वेगळा मेल टाकला: "बिल 217, 40 रिजेक्ट बुश, मंगळवारी गाडी पाठवू का?" आत दोनच ओळी आहेत. पाठवायच्या आधी मुलाला वाचून दाखवला.

गणपती पेठेतला हळदवाला
गाडी पाठवायच्या आधी स्टोअरवाल्याला फोन करा. मंगळवारी तो सुट्टीवर असला तर मेल काय करणार?