फोन घरी ठेवून धावताना घड्याळावरची गाणी – सल्ला हवा

पहाटवारा: गार्मिन फोररनर २४५ म्युझिक आहे, स्पॉटिफाय प्रीमियम घेतलंय. प्लेलिस्ट डाउनलोडला लावली की थोडी उतरते आणि अडकते. जी उतरलीत ती बाहेर धावताना मध्येच तुटतात, घरात मात्र नीट वाजतात. नक्की काय चुकतंय?

सुमेधा_रन: इअरबड्स बदला. स्वस्तातल्यांची रेंज कमी असते, म्हणून तुटतं.

घाटवाट: बड्सचा वाटा असतो, पण आधी घड्याळ कोणत्या हातात आहे ते बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी ते सिग्नल शोषून घेतं. घरात भिंतींवरून परतून येतो, म्हणून निभावतं. मोकळ्या मैदानात परतायला काहीच नसतं. घड्याळाशी जोडला जाणारा मुख्य बड उजवा असेल आणि घड्याळ डाव्या मनगटावर, तर मधे अख्खं धड येतं. घड्याळ दुसऱ्या हातात बांधून तोच रस्ता धावा. फरक पडला तर बड्स बदलायची गरज नाही.

डाउनलोडचं वेगळं. गाणी फोनमधून येत नाहीत, घड्याळ स्वतः वायफायवरून घेतं. हे मॉडेल फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतं, ५ चं नाही. लॉगिनचं पान उघडणारं वायफायही चालत नाही. चार्जरवर लावा, राउटरजवळ ठेवा आणि आधी वीसेक गाण्यांची छोटी प्लेलिस्ट उतरवा. ती पूर्ण उतरली तर वायफाय ठीक आहे, मग मोठी लावा.

नेहा_चालते: माझ्या घड्याळात पण गाण्याची बटणं आहेत, फोन घरी ठेवला की काहीच वाजत नाही. बिघडलंय का?

घाटवाट: बिघडलेलं नाही. ती बटणं बहुधा फोनमधल्या गाण्यांचा रिमोट आहेत. घड्याळाला गाणी साठवायची जागा आहे का, आणि इअरबड्स थेट घड्याळाशी जोडता येतात का, हे मॉडेलच्या माहितीत बघा. दोन्ही लागतात.

सुमेधा_रन: बरं, हाताचं माहीत नव्हतं. पण एकदा उतरवली की कायमची राहतात ना?

घाटवाट: स्पॉटिफायची नाही, ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. स्वतःच्या एमपी३ फाइल असतील तर घड्याळ केबलने कॉम्प्युटरला लावून गार्मिन एक्सप्रेसमधून टाका, त्यांना अशी मुदत नाही. बॅटरीचंही धरून चला: जीपीएस आणि गाणी एकत्र असली तर कंपनी ६ तास सांगते, नुसत्या जीपीएसवर २४.

आणि निघण्याआधी घरातच फोनचं ब्लूटूथ बंद करून एक गाणं लावा. बड्स बहुतेक वेळा आधी फोनलाच जाऊन चिकटतात. घड्याळावर गाणं पुढे सरकतं आणि कानात शांतता, असं दिसलं तर कारण हेच समजा.

पहाटवारा: राउटरचं नाव दोन्ही बँडला एकच आहे, तेच असेल. २.४ ला वेगळं नाव देतो आणि उजव्या हातात बांधून बघतो. माझे बड्स मुख्य बाजू आपोआप बदलतात असं डब्यावर लिहिलंय, मग हात बदलून उपयोग होईल?

घाटवाट: ते बड्सच्या बनावटीवर आहे. एका वेळी एकच बड कानात ठेवून दोन्ही बाजू तपासा, कोणता तुटतो ते इथे लिहा.