मदत हवी आहे: पालिकेच्या सभेत ५८ विषय, बातमी नेमकी कोणत्या विषयात?

मुक्ता_बीट

नमस्कार. एका स्थानिक दैनिकात काम करते. पालिकेचं बीट नुकतंच माझ्याकडे आलंय. परवा सर्वसाधारण सभा झाली, विषयपत्रिकेवर ५८ विषय होते. दोन तास एका उद्यानाच्या नामकरणावरून गदारोळ झाला आणि शेवटी सचिव नुसते विषय क्रमांक वाचत गेले, सभागृह "मंजूर, मंजूर" म्हणत गेलं. चाळीसेक विषय असे अर्ध्या तासाच्या आत संपले. नामकरणाची बातमी सगळ्यांनी दिली, आम्हीही दिली. पण सांगण्यासारखं काहीतरी त्या चाळीस विषयांत राहून गेलंय, असं सारखं वाटतंय.

सगळ्या टिप्पण्या माझ्याकडे आहेत, तीनशेच्या वर पानं. भाषा सगळीकडे एकसारखी, त्यामुळे कुठे थांबायचं तेच कळत नाही. नमुन्यादाखल काही विषय देते:

विषय १: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
विषय १७: चालू अंदाजपत्रकात वर्गीकरणास मान्यता देणे.
विषय ३३: पथदिव्यांच्या वीजबिलापोटी येणाऱ्या खर्चास मान्यता देणे.
विषय ४१: टँकरने पाणीपुरवठा करण्याच्या कामास मुदतवाढ व त्यापोटी झालेल्या खर्चास कार्योत्तर मान्यता देणे.

तुम्ही असता तर सुरुवात कुठून केली असती?

रोखठोक

सोपं आहे. सगळ्यात मोठा आकडा शोधा, तिथेच पाणी मुरतं. आणि मुदतवाढ दिसली की समजायचं, ठेकेदाराशी साटंलोटं आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका आणि बातमी करा.

जुना बातमीदार

मुक्ता, पहिल्यांदा मोठ्या आकड्याचा मोह सोड. पालिकेतले सगळ्यात मोठे आकडे पगार, वीजबिल आणि कर्जाचे हप्ते यांचे असतात. ते दरवर्षी येतात आणि फारसे बदलत नाहीत. तुझा विषय ३३ त्यातलाच. गेल्या वर्षीच्या बिलाशी ताडून बघ. फरक नसेल तर पुढे चल.

मी आधी तुझा ४१ वाचला असता, तो "कार्योत्तर" या शब्दामुळे. काम झालंय, खर्च झालाय, आता सभागृहाचा फक्त शिक्का हवाय. म्हणजे खरा निर्णय सभेत झालाच नाही, तो आधी कुणीतरी, कुठेतरी, काही कारणाने घेतला. ते कारण टिप्पणीत एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ शोध.

मग ४१ ची रक्कम घे आणि १७ च्या तक्त्यात तोच आकडा दिसतो का बघ. वर्गीकरण म्हणजे एका कामाचे पैसे काढून दुसऱ्याला देणं. तक्त्यात "कोणत्या शीर्षातून" आणि "कोणत्या शीर्षाकडे" असे दोन रकाने असतात. बहुतेक जण पैसे कुठे गेले ते बघतात. तू कुठून काढले ते बघ. ज्याचे पैसे गेले त्या कामाबद्दल सभेत कुणी चकार शब्द काढत नाही, कारण ते काम रद्द झाल्याचा वेगळा विषय येतच नाही.

रोखठोक, अर्ज जरूर टाकावा, पण उत्तर यायला आठवडे जातात आणि बरीचशी कागदं तिच्या हातात आधीच आहेत. मुदतवाढ हा काही गुन्हा नाही. नवी निविदा वेळेत निघाली नाही आणि पाणी तर रोज द्यायचंच आहे, अशा वेळी मुदतवाढच द्यावी लागते. निविदा वेळेत का निघाली नाही, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

माधुरी_क

आमच्या गल्लीतली गटारं सहा महिने तुंबलेली आहेत. सभेत जाऊन बोलायचं असेल तर नाव आधी द्यावं लागतं का? आमचे नगरसेवक फोन उचलत नाहीत.

जुना बातमीदार

माधुरीताई, हा धागा वार्तांकनाचा आहे. बोलू देण्याचे नियम प्रत्येक पालिकेचे वेगळे असतात, सचिव कार्यालयात विचारा. तक्रार मात्र लेखी द्या आणि पोच घ्या. पोच असलेली तक्रार मुक्तासारख्या बातमीदारालाही उपयोगी पडते.

निवृत्त_सभालिपिक

मी बरीच वर्षं सभेच्या कामकाजाची कागदं तयार केली आहेत. बातमीदारीतलं मला कळत नाही, पण टिप्पणी कशी लिहिली जाते ते सांगू शकतो.

टिप्पणी खालून वर वाचा. शेवटचा परिच्छेद "सबब" ने सुरू होतो आणि त्यात नेमकी कशाला मान्यता मागितली आहे ते असतं. वरच्या दोन पानांत पूर्वीच्या ठरावांचे क्रमांक आणि तारखा असतात. ते वाचक गाळतो, पण प्रकरणाचा सगळा इतिहास त्यांतच असतो. तुमच्या ४१ मध्ये मूळ ठरावाचा क्रमांक नक्की असेल. तो ठराव काढून दोन्ही कागद शेजारी ठेवा.

दुसरं, विषय १ सोडू नका. इतिवृत्त कायम करताना सगळे चहाच्या गडबडीत असतात. पण मागच्या सभेत अधिकाऱ्यांनी जी तोंडी उत्तरं दिली ती तिथे लेखी आलेली असतात, आणि एकदा इतिवृत्त कायम झालं की "मी असं म्हणालोच नाही" म्हणता येत नाही. ऐन वेळी आलेल्या उपसूचनाही तिथेच सापडतात. काही वेळा उपसूचनेने मूळ विषयाचं रूपच बदललेलं असतं.

मुक्ता_बीट

दोघांचेही मनापासून आभार. आज दिवसभर हेच केलं. सापडलं ते असं.

मूळ ठराव १२० दिवसांचा. दोन वस्त्यांना जलवाहिनी पूर्ण होईपर्यंत टँकर. रोज २४ फेऱ्या, वरच्या वस्तीला १० आणि खालच्या वस्तीला १४, फेरीला १,००० रुपये. एकूण २८ लाख ८० हजार.

विषय ४१ मध्ये आणखी ९० दिवस, २१ लाख ६० हजार. कारण एका ओळीत आहे: "जलवाहिनीचे काम अपूर्ण असल्याने." ते ९० दिवसही संपलेत.

आणि १७ च्या तक्त्यात अगदी हाच आकडा, २१ लाख ६० हजार. काढलेत "शाळा इमारत दुरुस्ती" या शीर्षातून. तिथे एका शाळेच्या छताचं काम मंजूर होतं.

आता विषय १. मागच्या सभेच्या इतिवृत्तात पाणीपुरवठा अभियंत्यांचं उत्तर आहे की खालच्या वस्तीची जलवाहिनी सुरू झाली आहे. तारीखही दिली आहे. ती तारीख मुदतवाढीच्या बरोबर मध्यावर येते, म्हणजे ४५ दिवस उरलेले असताना.

रोखठोक

घ्या, घोटाळा सिद्ध झाला! वाढीव दराने पैसे लाटले.

जुना बातमीदार

दर वाढलेलाच नाही. २१ लाख ६० हजारांना ९० ने भाग, दिवसाला २४ हजार येतात. मूळ ठरावातही तेच. दराचा मुद्दा इथेच संपला. तो बातमीत घातला असता तर एका वाक्यात खोडला गेला असता आणि बाकीची बातमीही त्यासोबत गेली असती.

प्रश्न फेऱ्यांचा आहे. खालच्या वस्तीला नळाने पाणी आलं असेल, तर तिथल्या १४ फेऱ्या कमी व्हायला हव्या होत्या. चौदा गुणिले पंचेचाळीस, ६३० फेऱ्या, ६ लाख ३० हजार. एवढ्याच रकमेबद्दल तू विचारू शकतेस, आणि विचारायलाच हवं. पण अजून हा प्रश्नच आहे, निष्कर्ष नव्हे. मला तीन शक्यता दिसतात. एक, फेऱ्या झाल्याच नाहीत आणि बिल पूर्ण निघालं. दोन, त्या फेऱ्या वरच्या वस्तीकडे वळवल्या. तीन, जलवाहिनी कागदावर सुरू झाली, पण पाणी आलंच नाही आणि टँकर खरोखरच लागले. तिसरी खरी असेल तर अभियंत्यांनी सभागृहाला दिलेलं उत्तर चुकीचं ठरतं, आणि माझ्या मते ती सहा लाखांपेक्षा मोठी बातमी आहे.

हे कागदावरून कळणार नाही. खालच्या वस्तीत जा. पाणी येतं का, एवढंच विचारू नकोस. कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणत्या गल्लीत आणि शेवटचा टँकर कधी आला, असं विचार.

कागदावरचा खर्च आणि प्रत्यक्ष काम यांची अशी सांगड घातली की काय निघतं, याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बेल या छोट्या शहराचं. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने दाखवलं की तिथल्या अर्धवेळ नगरसेवकांना वर्षाला जवळजवळ एक लाख डॉलर मिळत होते. त्यातला मोठा वाटा वेगवेगळ्या मंडळांच्या बैठकांपोटी होता, आणि त्या बैठका काही मिनिटांत उरकत. बातमीदार सुरुवातीला शेजारच्या गावाच्या कारभाराचा शोध घेत होते. २०११ चं लोकसेवेसाठीचं पुलित्झर त्या कामाला मिळालं.

मुक्ता_बीट

खालच्या वस्तीत जाऊन आले. चित्र सरळ नाही. रस्त्यालगतच्या गल्ल्यांत एक दिवसाआड तासभर पाणी येतं. मागच्या चढावरच्या गल्ल्यांत नळ बसवलेत, पण पाणी चढत नाही. तिथल्या बायका सांगतात की टँकर येतात, पण पूर्वीसारखे रोज नाहीत. म्हणजे काही फेऱ्या खऱ्याच झाल्यात, पण चौदा झाल्या असं कुणीच म्हणत नाही.

शाळेतही गेले. वरच्या मजल्यावरच्या दोन वर्गांत छताला ताडपत्री लावली आहे आणि ती मुलं व्हरांड्यात बसतात. दुरुस्तीचे पैसे दुसरीकडे गेलेत हे मुख्याध्यापकांना माझ्याकडून कळलं.

अभियंत्यांना फोन केला. ते म्हणाले, फेऱ्यांची नोंदवही ठेकेदाराकडे असते. ती मिळेपर्यंत थांबू की आहे तेवढं देऊ?

जुना बातमीदार

मी शाळा आणि टँकरची बातमी उद्याच दिली असती. जलवाहिनी लांबली, म्हणून टँकरची मुदत वाढली, म्हणून छताचे पैसे गेले. यातला प्रत्येक दुवा पालिकेच्याच कागदावर आहे. मुख्याध्यापकांचं म्हणणं, ताडपत्रीचा फोटो आणि अभियंत्यांची बाजू घे. ६३० फेऱ्यांचा आकडा मात्र राखून ठेव. किती फेऱ्या झाल्या हे कुणालाच सांगता येत नसताना तो छापला, तर वाचक तो चोरीचा आकडा समजेल.

रोखठोक

मला हे पटत नाही. आकडा दाबून ठेवला तर नोंदवही नव्याने लिहिली जाईल. आत्ताच जाहीर विचारा.

निवृत्त_सभालिपिक

रोखठोक यांची भीती अगदीच चुकीची नाही. पण मुक्ताताई, नोंदवहीच्या मागे लागू नका. बिल निघताना त्याला फेऱ्यांची यादी जोडावी लागते आणि तिच्यावर त्या भागातल्या कनिष्ठ अभियंत्याची सही असते. ती यादी ठेकेदाराकडे नाही, लेखा विभागात बिलासोबत असते आणि बिल एकदा निघालं की ती बदलता येत नाही. पाणीपुरवठा विभागाला विचारूच नका. लेखा विभागाकडे मुदतवाढीतल्या दुसऱ्या दीड महिन्याचं बिल आणि त्याची जोडपत्रं लेखी मागा, आणि पोच घ्या. बिल अजून निघालं नसेल तर मात्र घाई करा.

मुक्ता_बीट

उद्या कार्यालय उघडताच लेखा विभागात जाते. शाळेची बातमी आजच लिहायला घेतली आहे. ६३० च्या आकड्याबद्दल संपादकांशी बोलायचंय, त्यांचं मत रोखठोक यांच्या बाजूचं आहे. बिल निघालंय की नाही ते कळलं की इथेच लिहीन.