फोरकास्ट 80 टक्के बरोबर, म्हणून सेफ्टी स्टॉक 20 टक्के?

हिशेबी

आमच्या प्लांटची फोरकास्ट अचूकता 80 टक्के आहे. म्हणजे चूक 20 टक्के. मग लीड टाइममध्ये जेवढा माल लागतो त्याच्या 20 टक्के सेफ्टी स्टॉक ठेवला की झालं. प्लॅनिंगवाले वर्गमुळं काढून मॅनेजमेंटला उगाच घाबरवतात. सगळ्या आयटमना हाच एक नियम लावा, इन्व्हेंटरी आपोआप खाली येते.

चाकणचा प्लॅनर

असाच नियम लावलेल्या प्लांटमध्ये मी दोन वर्षं काढली आहेत. लाइन थांबली की सगळ्यात आधी माझा फोन वाजायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिअरबॉक्सचा एक ऑइल सील घ्या. फोरकास्ट दर महिन्याला 400. सहा महिन्यांत प्रत्यक्ष लागले 510, 320, 490, 280, 440 आणि 360. चुका झाल्या 110, 80, 90, 120, 40, 40. एक महिना वर, एक महिना खाली, सरासरी चूक 80. म्हणजे तुमचीच 80 टक्के अचूकता.

लीड टाइम दोन महिने. तुमच्या नियमाने 800 वर 160 सेफ्टी स्टॉक, री-ऑर्डर पॉइंट 960. आता सॅपमध्ये VM, म्हणजे री-ऑर्डर पॉइंट सिस्टीमनेच काढायचा प्रकार, लावून फोरकास्ट चालवला की तो याच चुकांची सरासरी, म्हणजे MAD, घेऊन असा हिशेब करतो. इथे 95 टक्के सर्व्हिस लेव्हल धरली आहे, F म्हणजे महिन्याचा फोरकास्ट आणि L म्हणजे लीड टाइम महिन्यांत:

```
SS  = 1.65 × 1.25 × MAD × √L
ROP = F × L + SS
```

सेफ्टी स्टॉक येतो 233, री-ऑर्डर पॉइंट 1,033. तुमच्या 160 वर सर्व्हिस लेव्हल 87 टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे शंभर वेळा ऑर्डर टाकली तर तेरा वेळा माल यायच्या आत रॅक रिकामा.

वर्गमूळ कुणाला घाबरवायला नाही. एका महिन्यात 110 जास्त लागले, पुढच्यात 80 कमी, त्यामुळे दोन महिन्यांची मिळून चूक दुप्पट होत नाही, थोडी एकमेकींत जिरते. तुमचा टक्का मात्र लीड टाइमबरोबर सरळ वाढतो. हाच सील पंधरा दिवसांत मिळाला तर तुम्ही ठेवणार 40, लागणार 117. सहा महिन्यांचा लीड टाइम असला तर तुम्ही ठेवणार 480, पुरले असते 404. सव्वाचार महिन्यांच्या आसपास दोन्ही आकडे जुळतात, बाकी सगळीकडे चूक. जवळच्या व्हेंडरच्या मालात तुटवडा आणि आयातीच्या मालात पैसा अडकलेला. सब घोडे बारा टक्के करून इन्व्हेंटरी खाली येत नाही, फक्त चुकीच्या रॅकवर जाऊन बसते.

सातारकर

वर्गमूळ बरोबर आहे, पण फोरकास्टची चूक कशाला हवी? वापराचं स्टँडर्ड डिव्हिएशन काढा, तेच घाला. मी बावीस वर्षं स्पेअर्स सांभाळतोय, VB लावून री-ऑर्डर पॉइंट हाताने भरतो. फोरकास्टवर भरवसा ठेवला तेव्हाच फसलो. फोरकास्ट बंद केला तर चूकही बंद.

चाकणचा प्लॅनर

सातारकर, तुमच्या स्पेअर्समध्ये मागणी सपाट असेल तर दोन्ही हिशेब जवळपास एकच. वरच्या सीलला फोरकास्ट 400 आणि सरासरीही 400, तिथे फारसा फरक पडणार नाही. पण सीझन असलेला माल घ्या. पावसाळ्यात दुप्पट लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि फोरकास्टमध्ये तो चढ धरलेला आहे. तुमचं स्टँडर्ड डिव्हिएशन त्या ठाऊक असलेल्या चढालाही बेभरवशाचं मानतं आणि वर्षभर त्याच्यासाठी माल राखून ठेवतं. फोरकास्ट बंद केला म्हणून चूक बंद होत नाही, ती मोजायची बंद होते.

सातारकर

सपाट मालाचं मान्य केलंत, माझं काम तेवढ्यावर भागतं.

नाशिकची स्टॉकिस्ट

आमचं प्लांट नाही, औषधांचं होलसेल आहे. सॉफ्टवेअर घ्यावं की नाही यावर चर्चा चालली आहे असं समजून लिहिते. आम्ही घेतलं आणि पस्तावलो. जुलैमध्ये ओआरएसची पाकिटं बारा तारखेलाच संपली. तोवर 1,800 गेली होती. पुढचे एकोणीस दिवस केमिस्टचे फोन येत होते आणि आम्ही नाही म्हणत होतो. ऑगस्टचा आकडा काढताना सॉफ्टवेअरने जुलैची मागणी 1,800 धरली. री-ऑर्डर पॉइंट वाढण्याऐवजी उतरला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. ज्याच्यामुळे माल संपला तोच आकडा बरोबर ठरला. असल्या फोरकास्टची चूक मोजून काय मिळणार?

चाकणचा प्लॅनर

ताई, प्रश्न सॉफ्टवेअर घेण्याचा नव्हता, पण तुम्ही लिहिलंय ते या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. सिस्टीमला मागणी कळत नाही, बाहेर गेलेला माल कळतो. रॅक रिकामा झाला की चूकही खोटी कमी दिसते आणि सेफ्टी स्टॉक त्या खोट्या चुकीवर उभा राहतो. सॅपमध्ये मटेरियल मास्टरला वापराचे दोन रकाने असतात, एक प्रत्यक्ष वापराचा आणि एक दुरुस्त वापराचा. फोरकास्ट दुरुस्त रकान्यावर चालतो. दिवसाला दीडशे जात होती, तर पूर्ण महिन्याचे 4,650 तिथे हाताने भरायचे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा रकाना आहे का ते बघा.

नाशिकची स्टॉकिस्ट

असा रकाना नाही. आणि दिवसाला दीडशे हा आकडाही खात्रीचा नाही. संपणार म्हटल्यावर केमिस्ट जास्त उचलतात. मी नाही म्हटलेल्या फोनची वही ठेवते, तिच्यावरच माझा भरवसा.

रबरवाला

तुम्ही सगळे फोरकास्टवर भांडताय, भोगतो आम्ही. भोसरीत माझं सील मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला कस्टमरकडे MP38, म्हणजे सॅपमधला सगळ्या मालाचा फोरकास्ट, चालतं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मेलवर बॉम्ब पडतो. त्यांची मागणी 60 नगांनी वाढते आणि माझ्याकडे पीओ 180 ने वाढून येतो. पुढच्या महिन्यात फोरकास्ट खाली आला की पीओ गायब. मी ओव्हरटाइम लावायचा की माणसं घरी पाठवायची?

चाकणचा प्लॅनर

रबरवाले दादा, तुमचा आकडा तंतोतंत खरा आहे. फोरकास्ट 400 चा 460 झाला, लीड टाइम दोन महिने, तर री-ऑर्डर पॉइंट एका फटक्यात 120 ने चढतो. महिन्याचे वाढलेले 60 आणि हे 120 मिळून 180. प्लॅनरने दर महिन्याला री-ऑर्डर पॉइंट हलवू नये, चूक ठरावीक मर्यादेबाहेर गेली तरच हलवावा. हे आम्ही करत नाही, ही आमची चूक.

पण एक सांगा, दोन महिने म्हणून कबूल केलेला माल कधी पन्नास दिवसांत तर कधी सत्तरमध्ये का येतो? या दहा दिवसांच्या हेलकाव्याने सेफ्टी स्टॉक 233 वरून 321 वर जातो. VM च्या हिशेबात लीड टाइम पक्का धरलेला असतो, त्यामुळे सिस्टीमला हे दिसतही नाही.

रबरवाला

का येतो? पेमेंट अडकलेलं असतं म्हणून. लघुउद्योगाला 45 दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा 2006 पासून आहे. मला एका कस्टमरकडून 110 व्या दिवशी मिळाले. नायट्राइल रबरवाला मला उधार देत नाही. कंपाउंड आलं नाही तर प्रेसवर काय टाकू? तुमच्या खरेदी खात्याने पैसे दाबायचे, मग तुमच्या प्लॅनिंगने माझ्या नावावर 88 नग जादा धरायचे.

सातारकर

पेमेंटचा इथे काय संबंध? लीड टाइमचा विषय चाललाय.

रबरवाला

संबंध नाही म्हणणाऱ्याने एकदा पगाराच्या तारखेला माझ्या ऑफिसात येऊन बसावं. पैसे आले तर माल पन्नास दिवसांत, नाही आले तर सत्तर. माझा लीड टाइम तुमच्या चेकवर ठरतो.

चाकणचा प्लॅनर

संबंध आहे, सातारकर. आमच्या मास्टरमधला लीड टाइम सिस्टीम सुरू झाली त्या दिवशी भरला, नंतर कुणी हात लावला नाही. पीओची तारीख आणि माल जमा झाल्याची तारीख यांतलं अंतर प्रत्येक वेळी लिहून काढलं तर हा हेलकावा एका दुपारीत सापडतो. ते अंतर पेमेंटच्या उशिराशी ताडून मी कधी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

हिशेबी

रबर आणि पेमेंट बाजूला ठेवा. मी घरी माझ्या प्लांटच्या एका बेअरिंगवर दोन्ही हिशेब करून बघितले. आयातीचं, लीड टाइम सहा महिने, सेल्सकडून फोरकास्ट 400. प्रत्यक्ष लागले 470, 490, 480, 475, 485, 480. सरासरी चूक 80 च. तुमच्या सूत्राने री-ऑर्डर पॉइंट 2,804 आला आणि लागले 2,880, म्हणजे 76 कमी पडले असते. माझ्या नियमाने बरोबर 2,880. आता बोला.

चाकणचा प्लॅनर

या बेअरिंगवर तुमचा नियम पुरला आणि माझं सूत्र पुरलं नाही, हे खरं आहे. पण चुका बघा, सहाच्या सहा एकाच दिशेला. त्या एकमेकींत जिरतच नाहीत, म्हणून वर्गमूळ लंगडं पडतं. चुकांची चिन्हासकट बेरीज 480, तिला 80 ने भागलं की 6 येतात. सीलमध्ये हीच बेरीज शून्य होती. हा भागाकार 4 च्या पुढे गेला की सेफ्टी स्टॉकला हात लावायचा नाही, आधी फोरकास्ट दुरुस्त करायचा. फोरकास्ट 480 केला की चूक 5 वर येते आणि री-ऑर्डर पॉइंट 2,905, त्यात सेफ्टी स्टॉक जेमतेम 25.

तुमचे 20 टक्के पुरले कारण सेल्सने नेमकं तेवढंच कमी सांगितलं होतं. उद्या त्यांनी 400 सांगितले आणि लागले 320, तर अचूकता 80 टक्केच राहील, सहा महिन्यांत 1,920 लागतील आणि नवीन माल येईल त्या दिवशी तुमच्याकडे 960 पडून असतील.

हिशेबी

ठीक. एकच टक्का सगळ्यांना लावणार नाही, बेरजेचा रकाना जोडतो. पण आमचे सेल्सवाले टार्गेटचा आकडाच फोरकास्ट म्हणून देतात. तो दुरुस्त करायचा अधिकार मला नाही. भागाकार 6 आला तर मी कुणाला दाखवू?

सातारकर

म्हणूनच मी हाताने भरतो.

रबरवाला

बेरीज सेल्सला दाखवा आणि 110 दिवस अकाउंट्सला. माझा सोमवारचा लॉट अजून प्रेसवर चढलेला नाही, कंपाउंड आलं नाही.